फाईल कुणाच्या टेबलावर आहे?

सरकारी कचेरीत काम घेऊन जाणाऱ्या पुणेकरांना माझी एक विनंती आहे. साहेबांची भेट मागण्याआधी तुमच्या फाईलवर टिपणी कोण लिहिणार आहे ते शोधून काढा. मी महसूल खात्यात कारकून म्हणून लागलो आणि अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालो. आता ओळखीचे लोक कागद घेऊन घरी येतात, तेव्हा बहुतेकांची अडचण एकसारखीच निघते. दारावर ज्यांच्या नावाची पाटी आहे त्यांची वाट बघत ते बाकावर बसून राहतात आणि काम अडलेलं असतं दोन खोल्या पलीकडच्या एका टेबलावर. त्या टेबलावरच्या माणसाला कुणी काही विचारलेलंच नसतं.

प्रत्येक कचेरीला दोन रचना असतात. एक कागदावरची. तहसीलमध्ये महसूल सहायक टिपणी लिहितो, अव्वल कारकून ती तपासतो, नायब तहसीलदार सही करून पुढे पाठवतात आणि तहसीलदार आदेश देतात. दुसरी रचना कुठेही लिहिलेली नसते. कोण कुणाला विचारतो, कुणाचा शब्द कोण मानतो, कुणाला जुनं दप्तर माहीत आहे, साहेब कुणाची टिपणी न वाचता सही करतात आणि कुणाची दोनदा वाचतात, हे सगळं त्या दुसऱ्या रचनेत येतं. काम पहिल्या रचनेच्या नावाने होतं, पण चालतं बऱ्याच अंशी दुसरीच्या जोरावर.

याचं कारण माणसांच्या स्वभावात शोधू नका, ते कायद्यातच आहे. बदल्यांचं नियमन आणि दप्तर दिरंगाईला प्रतिबंध करणारा महाराष्ट्राचा 2005 चा अधिनियम 1 जुलै 2006 पासून लागू झाला. त्यात अधिकाऱ्याचा एका पदावरचा सर्वसाधारण कार्यकाळ तीन वर्षांचा धरला आहे, तर मंत्रालयाबाहेरच्या गट क कर्मचाऱ्याला एका कचेरीत असे दोन कार्यकाळ काढता येतात. प्रत्यक्षात पुष्कळ अधिकारी तीन वर्षंही राहत नाहीत. म्हणजे कचेरीची आठवण कारकुनाकडे असते आणि सही साहेबांकडे. रोज ढीगभर फाईली समोर येणारा अधिकारी मूळ कागद चाळतो आणि टिपणी वाचतो, त्यातही शेवटचा परिच्छेद, जिथे ‘मान्यतेस्तव सादर’ किंवा ‘त्रुटीपूर्ततेसाठी परत’ असं लिहिलेलं असतं. कुठला कागद टिपणीत आला आणि कुठला वगळला गेला, यावर निम्मा निर्णय होऊन गेलेला असतो. म्हणून कारकुनाला ‘नुसता कारकून’ समजू नका.

हे फक्त आपल्याकडेच चालतं असंही नाही. पीटर ब्लाउ या समाजशास्त्रज्ञाने अमेरिकेतल्या सरकारी कचेऱ्यांत बसून पाहणी केली आणि 1955 मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. त्यातल्या एका कचेरीत नियम असा होता की, अडचण आली तर वरिष्ठालाच विचारायचं, सहकाऱ्याला नाही. कर्मचारी मात्र एकमेकांनाच विचारत, कारण वरिष्ठाला विचारलं की आपलं अज्ञान उघडं पडतं आणि ते पुढे गोपनीय अहवालात उतरतं. नियम मोडून चाललेल्या त्या विचारपुशीमुळे कामात चुका कमी होत होत्या, असं ब्लाउला दिसलं. आपल्याकडे तलाठी शेजारच्या सजातल्या तलाठ्याला फोन करून ‘असं प्रकरण तू कसं केलंस?’ असं विचारतो, ते अगदी हेच. या न लिहिलेल्या जाळ्याशिवाय कचेरी दोन दिवससुद्धा चालणार नाही. 2023 मध्ये कुणबी नोंदी शोधायची मोहीम निघाली तेव्हा मोडी वाचता येणाऱ्या माणसांचा शोध सुरू झाला, ते आठवा. दप्तरखान्यात मोडी जाणणारा माणूस पदाने कितीही खाली असो, त्या काळात त्याच्यावाचून कुणाचंच पान हललं नाही.

आता एक काम धरून बघू. वडील वारले, जमिनीवर वारस लावायचे आहेत. उंड्री, केशवनगर ही गावं 2017 मध्ये पुणे महापालिकेत आली आणि लोकांना वाटलं, आता सगळं पालिकेत होणार. तसं नाही. मिळकतकर, पाणी, रस्ते पालिकेकडे गेले, पण जिथे अजून सातबारा चालू आहे तिथे त्याच्यावरची नोंद महसूल खात्याकडेच राहिली. म्हणजे मिळकतकराच्या बिलावर नाव लावायला क्षेत्रीय कार्यालय, आणि सातबाऱ्यावर लावायला तलाठी. बिलावर नाव लागलं म्हणून जमीन नावावर झाली, असं समजून वर्षानुवर्षं स्वस्थ बसलेली घरं मी पाहिली आहेत.

कागदावरची वाट सरळ आहे. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, 1966 च्या कलम 149 प्रमाणे हक्क मिळाल्यापासून तीन महिन्यांत तलाठ्याला कळवायचं. सोबत मृत्यूचा दाखला, सगळ्या वारसांची नावं, नाती आणि पत्ते असलेलं प्रतिज्ञापत्र, आणि सातबारा नि आठ-अ चे उतारे. हा अर्ज ई-हक्क प्रणालीवरूनही करता येतो. तलाठी वारसांची नोंद गाव नमुना 6-क मध्ये घेतो, मंडळ अधिकारी चौकशी करून वारस ठरवतात, मग नमुना 6 मध्ये फेरफार धरला जातो. संबंधितांना नोटीस निघते, तिला नमुना 9 ची नोटीस म्हणतात. हरकतीसाठी पंधरा दिवस द्यावे लागतात. हरकत आली नाही तर मंडळ अधिकारी फेरफार प्रमाणित करतात आणि सातबाऱ्यावर नावं चढतात. हरकत आली तर ती तक्रार केस होते आणि सुनावणी लागते.

आता न लिहिलेली वाट बघा. एका सजात दोन-तीन गावं असतात आणि शेजारच्या सजाचा अतिरिक्त कार्यभारही त्याच तलाठ्याकडे असतो. तलाठ्यांना हल्ली ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, तोंडात मात्र तलाठीच आहे. तो कुठल्या वारी कुठल्या चावडीत बसतो, हे कोतवालाला पक्कं माहीत असतं आणि गावातल्या झेरॉक्सवाल्यालाही. ते विचारून जाण्यात कमीपणा नाही आणि गैर तर मुळीच नाही. मंडळ अधिकाऱ्यांच्या चौकशीत ‘वारस कोण कोण?’ हा प्रश्न कागदाइतकाच माणसांना विचारला जातो. पोलीस पाटील, भाऊबंद, शेजारचा खातेदार यांना. इथे हे जाळं उपयोगीही पडतं आणि घातही करतं.

घात कुणाचा होतो ते स्पष्ट सांगतो. लेकींचा. 2005 मध्ये हिंदू उत्तराधिकार कायद्यात दुरुस्ती होऊन वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क मिळाला. तरी चावडीत भाऊ सांगतात, ‘बहिणी काय, आपापल्या घरी सुखात आहेत,’ आणि ऐकणारे माना डोलावतात. प्रतिज्ञापत्रात बहिणींची नावं येत नाहीत, किंवा आली तर पत्ता माहेरचा टाकला जातो. नोटीस त्या पत्त्यावर जाते, भाऊच सही करून घेतो, पंधरा दिवस निघून जातात. कागदावर सगळं नियमाने झालेलं असतं. बहिणीला कळतं ते जमीन विकायला निघते तेव्हा. तोवर प्रांताधिकाऱ्यांकडे अपील करायची साठ दिवसांची मुदत संपलेली असते, आणि मग उशीर का झाला याची माफी मागत अपील दाखल करावं लागतं. म्हणून सासरी असलेल्या बहिणींना माझं सांगणं आहे. वडील गेल्यावर जमिनीचा गट नंबर जवळ ठेवा आणि भूमी अभिलेख विभागाच्या ‘आपली चावडी’ या पानावर अधूनमधून बघत जा. तिथे चालू फेरफारांच्या नोटिसा दिसतात. नाव वगळलेलं दिसलं तर पंधरा दिवसांच्या आत लेखी हरकत द्या. आणि कुणी ‘बहिणींचं संमतीपत्र आणा, म्हणजे नुसती भावांची नावं लावू’ म्हणालं तर लक्षात ठेवा की साध्या कागदावर हक्क सुटत नाही. हक्कसोडपत्र नोंदणी केलेलंच लागतं.

आता या जाळ्यातल्या वाईट माणसाकडे येऊ. पुष्कळ तलाठी कार्यालयांत टेबलामागे एक जण असा बसलेला असतो की ज्याची नेमणूक कुठल्याच हजेरीपटावर नाही. लोक त्याला झिरो तलाठी म्हणतात. सुरुवात बहुतेक वेळा कामाच्या ओझ्यातून होते. गावं जास्त, संगणकावरचं काम वाढलेलं, मदतनीस नाही, मग तलाठी स्वतःच्या खिशातून एक पोरगा ठेवतो. त्याचा पगार कुठून निघतो हे वेगळं सांगायला नको. हळूहळू दप्तर त्याच्या हाताखाली जातं आणि लोक त्यालाच तलाठी समजू लागतात. त्याच्यावर खात्याची कसलीच जबाबदारी नसते. तुमचा मूळ कागद त्याने हरवला तर तक्रार कुणावर करणार?

मग मदत करणारा ओळखीचा आणि अडवून धरणारा दलाल यांत फरक कसा करायचा? माझी कसोटी साधी आहे. चांगला माणूस तुम्हाला कागदाकडे पाठवतो. ‘तुमचा आठ-अ जुना आहे, नवा काढा’, ‘मंडळ अधिकारी बुधवारी येतात, आधी नोटिशीच्या पोच जमा करा’, असं तो सांगतो, आणि ते तुम्हाला दुसरीकडे पडताळून बघता येतं. वाईट माणूस तुम्हाला कागदापासून दूर ठेवतो. ‘अर्ज आवकला देऊ नका, माझ्याकडे द्या’, ‘पावती कशाला?’, ‘साहेबांना भेटू नका, ते चिडतात’ ही त्याची वाक्यं. आणि कुणी ‘चार दिवसांत फेरफार मंजूर करून आणतो’ म्हणाला तर तिथेच उठा. हरकतीचे पंधरा दिवस कुणालाच कापता येत नाहीत. तो एक तर खोटं बोलतोय, किंवा जुन्या तारखा टाकणार आहे. तशी नोंद पुढे कुणी आव्हान दिलं की टिकत नाही.

अर्ज नेहमी दोन प्रतींत करा. एक आवक बारनिशीत द्या आणि दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. शिपायाच्या किंवा त्या झिरोच्या हातात मूळ अर्ज देऊ नका. आठवड्याने आवक क्रमांक घेऊन गेलात की ‘माझं काम झालं का?’ असं विचारू नका, कारण त्याला ‘प्रोसेसमध्ये आहे’ हे उत्तर ठरलेलं आहे. विचारा, ‘हा क्रमांक कुणाकडे मार्क झालाय?’ उत्तरात एक नाव किंवा एक टेबल येतं. मग त्या टेबलाशी जा, नमस्कार करा, आणि विचारा, ‘फाईल प्रलंबितमध्ये आहे की प्रतीक्षाधीनमध्ये?’

या दुसऱ्या प्रश्नाचं मोल मोठं आहे, म्हणून जरा थांबतो. 1980 च्या दशकात अनिलकुमार लखिना अहमदनगरचे जिल्हाधिकारी होते. त्यांनी कचेरीतली टेबलं नीट लावली, लोकांना माहिती मिळायची सोय केली आणि प्रत्येक कारकुनाच्या कागदांचे सहा गठ्ठे ठरवून दिले. पुढे राज्यभर ती पद्धत ‘लखिना पॅटर्न’ म्हणून पसरली आणि आजही दप्तर तपासणीत हे गठ्ठे बघतात. त्यांतला ‘प्रलंबित’ म्हणजे ज्यावर त्या कारकुनाने स्वतः काम करायचं आहे तो, आणि ‘प्रतीक्षाधीन’ म्हणजे दुसऱ्या कुणाकडून उत्तर येण्याची वाट बघत ठेवलेला. फाईल प्रतीक्षाधीनमध्ये गेली की कारकुनाच्या मनावरचं ओझं उतरतं. भूमी अभिलेखला पत्र गेलंय, उत्तर आलं की बघू. तिकडे ते पत्र तिथल्या एखाद्या टेबलावर पडलेलं असतं आणि कुणीच कुणाला आठवण करत नाही. फाईली खऱ्या अर्थाने हरवतात त्या इथेच, आणि त्यात बहुतेक वेळा कुणाचा वाईट हेतू नसतो. उत्तर ‘प्रतीक्षाधीन’ असं आलं, तर त्या पत्राचा जावक क्रमांक आणि तारीख लिहून घ्या, दुसऱ्या कचेरीत जा आणि तिथल्या आवकमध्ये तो क्रमांक शोधायला लावा. दोन कचेऱ्यांमधला दुवा तुम्ही स्वतः झालात तर काम हलतं. हे करायला ओळख लागत नाही.

तरी हललं नाही तर मी वर सांगितलेला 2005 चा अधिनियम काढा. त्याच्या कलम 10 प्रमाणे कुठलीही फाईल एका कर्मचाऱ्याकडे सात कामाच्या दिवसांपेक्षा जास्त पडून राहता कामा नये. दुसऱ्या विभागाकडे न जाणाऱ्या फाईलवर 45 दिवसांत निर्णय व्हायला हवा, आणि दुसऱ्या विभागाकडे गेली तर तीन महिन्यांत. मुद्दाम दिरंगाई केली तर शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते. मात्र या कायद्याला मर्यादा आहेत. न्यायालयात असलेली आणि सुनावणी घेऊन निर्णय द्यायची प्रकरणं त्यातून वगळली आहेत. म्हणजे तुमच्या फेरफारावर हरकत येऊन तक्रार केस झाली असेल, तर सात दिवसांचा आग्रह धरू नका, सुनावणीची तारीख मागा.

फाईलमध्ये काय लिहिलंय ते बघायचा मार्गही आहे. पुणे महापालिकेने अभिलेख पाहण्यासाठी सोमवारी दुपारी तीन ते पाच ही वेळ नागरिकांना देऊन एक पायंडा पाडला, आणि 2018 मध्ये राज्य सरकारने जिल्हा पातळीवरच्या कचेऱ्या आणि स्थानिक संस्थांसाठी तसं परिपत्रक काढलं. प्रत्येक कचेरी ते पाळतेच असं नाही, तेव्हा आधी फोन करून जा. ते जमलं नाही तर माहिती अधिकारात दहा रुपये भरून अवलोकन मागा. पहिल्या तासाला शुल्क नाही. फाईल हातात आली की पत्रव्यवहाराची बाजू नंतर बघा, आधी टिपणीची बाजू बघा. कुठल्या तारखेला कुणी काय लिहिलं आणि तारखांमध्ये कुठे लांब खंड पडलाय ते दिसेल. खंडाच्या आधीची शेवटची सही ज्याच्या पुढे गेली, त्याच्याकडे फाईल अडलेली आहे. टिपणीत तुमचा एखादा कागद आलाच नसेल, तर तो पुन्हा आवकला द्या आणि अर्जात लिहा की ‘टिपणीत याचा उल्लेख दिसला नाही’.

महाराष्ट्रात माहितीचा अर्ज एकाच विषयाचा आणि 150 शब्दांच्या आतला असावा लागतो. मी लोकांना असा मजकूर लिहून देतो:

‘माझा दि. ___ चा वारस नोंदीचा अर्ज, आवक क्र. ___, याबाबत पुढील माहिती द्यावी. 1) सदर अर्ज आजपर्यंत कोणकोणत्या कर्मचाऱ्याकडे, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत होता. 2) या अर्जावरील टिपणीची छायांकित प्रत. 3) इतर कार्यालयास पत्र पाठवले असल्यास त्याचा जावक क्रमांक, दिनांक व प्रत. 4) संबंधित फाईलचे अवलोकन करण्यासाठी दिवस व वेळ कळवावी.’

यात तक्रारीचा सूर नाही, कुणाचं नाव घेतलेलं नाही. पहिल्या प्रश्नाचं उत्तर तयार करायला माहिती अधिकाऱ्याला त्या टेबलांवर जाऊन तारखा विचाराव्या लागतात, आणि विचारलं की फाईल बाहेर काढावी लागते. उत्तर द्यायला कायद्याने तीस दिवस आहेत, पण अनेकदा उत्तराआधी कामच पुढे सरकलेलं मी पाहिलं आहे.

पैशांची मागणी झाली तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा 1064 हा नंबर आहे. 2018 च्या दुरुस्तीनंतर लाच देणं हाही गुन्हा आहे. कुणी भाग पाडलं म्हणून दिली असेल, तर सात दिवसांच्या आत कळवावं लागतं. म्हणून देऊन टाकू आणि मग बघू, असं करू नका. आधी फोन करा. सापळ्यासाठीचे पैसे आणि पंच यांची व्यवस्था त्या विभागाकडून कशी होते, ते तिथेच समजावून सांगतात. आणि ज्या कामासाठी पैसे मागितले, ते काम अडू नये म्हणून विभाग पाठपुरावा करतो का, हेही त्याच फोनवर विचारून घ्या.